किंमत लिहिली, पण जोखीम कुणाची?

‘मी राजारामपुरीत घरातूनच हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचा व्यवसाय करते. दुकान नाही, हाताखाली माणूस नाही. १४ जुलैला नागपूरच्या गिऱ्हाइकाला पैंजणांचे बारा जोड कुरिअरनं पाठवले. बिल ९२,४०० रुपयांचं. काउंटरवरच्या मुलानं माझ्यासमोर पावतीवर ‘चांदीचे पैंजण, किंमत ९२,४००’ लिहिलं, बिलाची झेरॉक्सही घेतली. पार्सल पुण्यात पोचल्याचं दिसतं, पुढं काहीच नाही. तीन महिने ‘ट्रेसिंग चालू आहे’ हेच ऐकलं. आता नोव्हेंबरात कंपनी म्हणते, नियमाप्रमाणं १,००० रुपये मिळतील. किंमत लिहून दिली होती ना, मग पूर्ण पैसे का नाहीत? नागपूरचं गिऱ्हाईकही पैसे परत मागतंय. पावतीचा फोटो जोडला आहे.’
– एक वाचक, कोल्हापूर

ताई, आधी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा: १० जानेवारी. त्या दिवशी तुमच्या बुकिंगला १८० दिवस पूर्ण होतात. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, कॅरेज बाय रोड ॲक्ट. घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर कंपन्याही त्यात येतात. त्याच्या कलम १६ प्रमाणे माल हरवल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत कंपनीला पोचली नसेल, तर पुढे दावा दाखल करता येत नाही. हे दिवस माल हरवल्याचे कळले तेव्हापासून किंवा कंपनीने नकार दिला तेव्हापासून मोजत नाहीत. ‘ट्रेसिंग चालू आहे’ या उत्तरावर थांबलेल्यांचे नुकसान इथेच होते, कारण शोध चालू असला तरी हे दिवस मोजायचे थांबत नाहीत. तुमचे जवळजवळ चार महिने गेले आहेत. नोटीस याच आठवड्यात पाठवा.

आतापर्यंत तुम्ही केलेले फोन आणि ‘पार्सल कुठे आहे’ असे विचारणारे मेसेज यांना नोटीस समजू नका. नोटिशीत ‘माल हरवला आहे आणि मी भरपाई मागते आहे’ हे स्पष्ट लिहिलेले हवे. पावती क्रमांक, बुकिंगची तारीख, कुठून कुठे पाठवला, मालाचे वर्णन, वजन, बिलाची रक्कम, ट्रॅकिंगमधली शेवटची नोंद आणि मागणीची रक्कम एवढे एका पानात बसते. एक प्रत कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि एक बुकिंग केलेल्या शाखेला पाठवा, दोन्ही स्पीड पोस्टने आणि पोच घेऊन. तोच मजकूर ईमेलनेही पाठवा. वकिलाकडून पाठवली तर बरे, पण स्वतःच्या सहीचे पत्रही चालते.

तोवर त्या १,००० रुपयांना हात लावू नका. अशा रकमेसोबत बहुतेक वेळा एक कागद सहीला येतो. ‘पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून रक्कम मिळाली, यापुढे काही मागणी नाही’ असा त्याचा आशय असतो. त्यावर सही केली की पुढचे सगळे अवघड होते. पैसे परस्पर खात्यात आले, तर त्याच दिवशी ‘ही रक्कम माझे हक्क राखून, अंशतः जमा धरते आहे’ असा ईमेल करा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. पावतीवर किंमत लिहिणे आणि त्या किमतीची जोखीम कंपनीवर टाकणे ही दोन वेगळी कामे आहेत. काउंटरवर हे कुणी सांगत नाही आणि गिऱ्हाईक दोन्ही एकच समजून चालते. तुमच्या पावतीच्या फोटोत, किमतीच्या रकान्याखाली जोखमीच्या दोन चौकटी आहेत. एक ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम माल पाठवणाऱ्याची. दुसरी ‘कॅरिअर्स रिस्क’, म्हणजे जोखीम नेणाऱ्याची. टिक पहिल्या चौकटीत आहे. कलम १० म्हणते की माल हरवला तर वाहतूकदाराची जबाबदारी नियमाने ठरवलेल्या मर्यादेपुरतीच राहील, पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा दर द्यायचे कबूल केले असेल तरच ती त्यापलीकडे जाईल. हा जादा दर कंपनीने ठरवायचा असतो, त्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे. कुरिअरच्या भाषेत त्याला रिस्क चार्ज किंवा एफओव्ही म्हणतात आणि तो लिहिलेल्या किमतीवर टक्क्याने लागतो. तुमच्या पावतीत त्या ओळीत शून्य आहे.

मग नियमाने ठरलेली मर्यादा किती? २०११ च्या नियमांतला नियम १२ सांगतो: भाड्याच्या दहापट, पण पावतीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. तुमच्या पावतीवर भाडे २६० रुपये, इंधन अधिभार ४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४, एकूण ३५४. कंपनी फार तर २६० हेच भाडे मानेल, म्हणजे २,६०० रुपये. तुम्ही अधिभार धरून ३०० चे दहापट, म्हणजे ३,००० मागा, कारण इंधन अधिभार हाही माल नेण्याचाच मोबदला आहे. जीएसटी हा कर आहे, तो भाड्यात धरण्याचा आग्रह धरू नका.

म्हणजे कंपनी सांगते तो १,००० चा आकडा या नियमातला नाही. तो तिच्या पावतीमागच्या छापील अटींतला आहे. कायद्यातली मर्यादा नियमाने ठरते. कंपनीने छापील अटीने ती आणखी खाली आणावी, अशी मुभा कलम १० देत नाही. म्हणून ‘नियमाप्रमाणे’ या शब्दाला तुम्ही नोटिशीतच उत्तर द्या: नियम १२ प्रमाणे ही रक्कम किमान ३,००० होते आणि माझी मागणी त्यापुरती मर्यादित नाही.

९२,४०० पर्यंत जायला दोन वाटा आहेत. दोन्ही खऱ्या आहेत, पण एकीचीही खात्री देता येत नाही.

पहिली वाट सहीची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल वर्ल्डवाइड एक्सप्रेस कुरिअर या प्रकरणात निकाल दिला. पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर जबाबदारी १०० डॉलरपुरती असल्याची अट होती आणि न्यायालयाने ती पाठवणाऱ्यावर बंधनकारक मानली. कुरिअर कंपन्यांचे वकील प्रत्येक प्रकरणात हाच निकाल पुढे ठेवतात. पण त्याचा पाया सही हा आहे. मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेल्या, कुणी न दाखवलेल्या आणि सही नसलेल्या अटी ग्राहकाला बांधत नाहीत, अशी भूमिका ग्राहक आयोगांनी नंतर अनेक प्रकरणांत घेतली आहे. तुमच्या फोटोत पाठवणाऱ्याच्या सहीची जागा कोरी दिसते. ‘ओनर्स रिस्क’ची टिकही किंमत ज्या शाईने लिहिली आहे त्याच शाईत आहे, म्हणजे ती काउंटरवरच्या मुलाने केली असणार. तुमची मूळ प्रत लॅमिनेट करू नका, तिच्यावर काही लिहू नका, जशी आहे तशी पाकिटात जपून ठेवा. नोटिशीत कंपनीला तिच्याकडची प्रत मागा. त्या प्रतीवर अचानक सही दिसली, तर तुमची कोरी प्रतच तुमचा पुरावा ठरेल. एक मात्र तपासा: बुकिंगच्या वेळी मोबाइलवर ओटीपी आला होता का आणि त्या मेसेजमध्ये ‘अटी मान्य’ असे काही होते का? असेल तर कंपनी त्यालाच सही म्हणेल. तो मेसेज पुसू नका, वकिलाला आधीच दाखवा.

तरी या वाटेची मर्यादाही ध्यानात घ्या. सही नसल्याने छापील अटी गळून पडतात, कलम १० मधली दहापटीची मर्यादा मात्र कायद्यातूनच येते. ती ओलांडायची तर तुमचे म्हणणे असे मांडावे लागेल: जादा दराचा पर्याय मला दिलाच नाही, मालाचे स्वरूप आणि किंमत माहीत असताना काउंटरने स्वतःच टिक केली, ही सेवेतली त्रुटी आहे आणि तिची भरपाई मी वेगळी मागते. ग्राहक आयोगापुढे हे म्हणणे मांडता येते. ते किती मान्य होईल, हे काउंटरवर काय घडले याच्या पुराव्यावर ठरेल. त्या दिवशी तुमच्यासोबत कुणी होते का, त्या शाखेत दरपत्रक लावलेले होते का, हे आठवून आत्ताच लिहून काढा.

दुसरी वाट कलम १२ ची आहे, आणि तुमच्यासाठी मला ती जास्त महत्त्वाची वाटते. वाहतूकदाराच्या, त्याच्या नोकराच्या किंवा एजंटच्या गुन्हेगारी कृत्यामुळे माल गेला असेल, तर पाठवणीच्या कागदातील तपशिलाप्रमाणे वाहतूकदार जबाबदार राहतो, असे हे कलम सांगते. तुम्ही लिहिलेले ९२,४०० इथे कामी येतात. चार पैसे वाचवायला किंमत ५०० लिहिणाऱ्यांना ही वाटही बंद होते, कारण कागदावरच ५०० आहेत. कलम १२ आणखी एक गोष्ट सांगते: माल पोचला नाही म्हणून दावा करणाऱ्याने वाहतूकदाराचा निष्काळजीपणा किंवा गुन्हा सिद्ध केलाच पाहिजे असे नाही. माल सोपवला आणि पोचला नाही, एवढ्यावर जबाबदारी उभी राहते. पण मर्यादा ओलांडायला चोरीचा काहीतरी ठोस आधार हाताशी असलेला बरा.

तो आधार ट्रॅकिंगच्या नोंदींत सापडतो. कुरिअरमध्ये लहान पार्सले एकेकटी जात नाहीत. शाखेत ती पोत्यात भरतात, पोत्याला क्रमांकाचे सील लावतात आणि आत काय आहे याची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, करतात. पुढच्या हबवर आधी पोते स्कॅन होते, मग सील तोडून आतले एकेक पार्सल. अख्खे पोतेच पोचले नसेल तर ते चुकीच्या गाडीत गेले असण्याचा संभव आहे आणि त्यातली बाकीची पार्सलेही हरवलेली असतील. पोते पोचले, सील शाबूत होते, बाकी माल बरोबर आणि फक्त तुमचेच पार्सल गायब असेल, तर ते पोत्यात भरलेच नव्हते किंवा उघडल्यावर हबमध्ये कुणीतरी बाजूला काढले. तुमच्या ट्रॅकिंगमध्ये पुण्याच्या हबवर पार्सलचे स्वतःचे ‘इन’ स्कॅन आहे आणि ‘आउट’ नाही. म्हणजे ते तिथे पोत्यातून बाहेर आले आणि पुढच्या पोत्यात गेले नाही. शिवाय पाकिटावरच्या कागदात आत चांदी आहे हे लिहिलेले होते. वजनही पाहा. बुकिंगला १.२५० किलो लागले आणि पुण्याच्या यंत्रावर त्याहून कमी भरले असेल, तर पार्सल कोल्हापूर ते पुणे यांच्यामध्येच उघडले गेले. हा फरक कंपनीच्या संगणकात असतो, तुमच्या मोबाइलवर दिसत नाही.

म्हणून नोटिशीत या गोष्टी नाव घेऊन मागा: दोन्ही बाजूंच्या पोत्यांचे मॅनिफेस्ट, सील क्रमांक, प्रत्येक हबवरचे वजन आणि शेवटच्या स्कॅनच्या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची सूचना. चित्रण आता शिल्लक नसण्याचाच संभव जास्त आहे, ते काही आठवड्यांत पुसले जाते. तरीही मागा. तुम्ही पहिल्या आठवड्यात तक्रार केली होती आणि तरीही त्यांनी ते जपले नाही, हे कागदावर येणेही उपयोगाचे आहे. ट्रॅकिंगचे पान आजच तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. जुन्या पावत्यांच्या नोंदी काही काळाने दिसेनाशा होतात.

नोटिशीसोबतच, जिथे बुकिंग झाले त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) मध्ये माल नेण्यासाठी विश्वासाने सोपवलेल्या वाहकाने केलेल्या अपहाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘पार्सल पुण्यात गेले, तिकडे जा’ असे सांगितले, तर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ठाण्याने नोंदवलेच नाही तर त्याच कलमाखाली तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तक्रारीत अमुक माणसाने चोरले असे लिहू नका, तुम्हाला ते माहीत नाही. माल कधी सोपवला, शेवटचे स्कॅन कुठले, त्यानंतर कंपनी काय हिशेब देते, एवढेच लिहा. तपास त्या हबपर्यंत गेला तर चांगलेच. नाही गेला तरी ग्राहक आयोगापुढे त्या नोंदीला वजन राहते.

कंपनी आणखी एक मुद्दा काढेल, त्याची तयारी ठेवा. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत सोने, चांदी, दागिने आणि रोकड निषिद्ध वस्तूंत असतात. ‘तुम्ही निषिद्ध माल पाठवला, म्हणून आमची जबाबदारीच नाही’ असे उत्तर येईल. तुम्ही ‘कपडे’ किंवा ‘गिफ्ट’ असे लिहिले असते तर या उत्तरापुढे तुमच्याकडे बोलायला काही उरले नसते. पण इथे पावतीवर त्यांच्याच माणसाच्या अक्षरात ‘चांदीचे पैंजण’ आहे आणि बिलाची प्रत त्यांनी घेतली आहे. माल काय आहे हे जाणून, भाडे घेऊन जो स्वीकारला, तो हरवल्यावर निषिद्ध ठरवता येणार नाही, हे तुमचे उत्तर.

नोटिशीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे ती दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी. मुदत दोन वर्षांची आहे. दाखल शुल्क मालाच्या किमतीवर नव्हे, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. तुमचा मोबदला ३५४ रुपये आहे, म्हणून शुल्क लागणार नाही. ऑनलाइन तक्रार e-jagriti.gov.in वर होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहायला हरकत नाही, फक्त तिच्या भरवशावर १० जानेवारी जाऊ देऊ नका.

आयोगापुढे पहिला आक्षेप ‘या व्यापारी आहेत, ग्राहक नाहीत’ हा असेल. कायदा व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळतो, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली सेवा वगळत नाही. तुमच्या पत्रातले ‘दुकान नाही, हाताखाली माणूस नाही’ हे वाक्य तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात यायला हवे, सोबत मागच्या दोन-तीन वर्षांची उलाढाल दाखवणारे कागद. हीच तक्रार चार कारागीर आणि दुकान असलेल्या माणसाने आणली, तर त्याला दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवले जाण्याचा धोका मोठा आहे. मागणीत ९२,४००, भाडे आणि व्याज लिहा, आणि पर्याय म्हणून नियम १२ प्रमाणे होणारी रक्कमही लिहा. पर्यायी मागणी नसेल तर मोठी नाकारली गेल्यावर लहानही हातची जाते.

नागपूरच्या गिऱ्हाइकाचे पैसे मात्र परत करा. हे ऐकायला जड आहे, पण टाळू नका. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो गिऱ्हाइकाला दिल्यासारखा, असे १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ३९ म्हणते खरे. पण त्याच कलमात पुढे आहे: विक्रेत्याने मालाचे स्वरूप पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत गेला, तर गिऱ्हाईक तो मिळाल्यासारखा मानायला नकार देऊ शकते. ९२ हजारांची चांदी ओनर्स रिस्कवर पाठवणे हा वाजवी करार होता, असे म्हणता येणार नाही. पैसे बँकेतून परत करा आणि त्याची नोंद जपा. माल तुमचा होता आणि नुकसान तुम्हालाच झाले, हे आयोगापुढे त्याने स्पष्ट होईल.

पुढच्या पार्सलचा हिशेब आत्ताच करून ठेवा. रिस्क चार्ज समजा २ टक्के असेल, तर ९२,४०० वर १,८४८ रुपये आणि त्यावर जीएसटी, मिळून सुमारे २,१८०. बारा जोडांवर विभागला तर जोडामागे १८० रुपयांच्या आसपास. हा खर्च किमतीत धरता येतो. काउंटरवर ‘कॅरिअर्स रिस्क’ची टिक, चार्जची रक्कम आणि मालाचे वर्णन या तिन्ही गोष्टी पावतीवर उमटल्याशिवाय पार्सल हातातून सोडू नका. यातली पहिली कमी असली तर बाकीच्या दोन निरुपयोगी ठरतात.

पुष्कळ कुरिअर कंपन्या चांदीला कॅरिअर्स रिस्क देतच नाहीत. काउंटरने नाही म्हटले, तर त्या कंपनीकडे ही चांदी द्यायची नाही. टपाल खात्याचे विमा उतरवलेले पार्सल हा एक पर्याय आहे. सरकार २००७ च्या कायद्याबाहेर असल्याने तिथे भरपाई उतरवलेल्या विम्याप्रमाणे मिळते, म्हणून विम्याची कमाल रक्कम आधी विचारा आणि माल त्याहून महाग असेल तर दोन-तीन पार्सलांत विभागा. गुजरीतले सराफ मौल्यवान माल नेणाऱ्या खास वाहतूक सेवा आणि आंगडिये वापरतात, त्यांच्याकडे दर विचारा. महिन्याला अशी चार-पाच पार्सले जात असतील तर स्वतःची पॉलिसी घ्या. सराफी धंद्यासाठी ज्वेलर्स ब्लॉक नावाची पॉलिसी असते, तिच्यात वाटेतला माल हा वेगळा विभाग आहे. सही करण्यापूर्वी त्या विभागात कोणकोणती वाहतूक धरली आहे हे शब्दशः वाचा. साधे कुरिअर त्यात नसेल आणि तुम्ही साध्या कुरिअरने पाठवले, तर हप्ता भरूनही दावा नाकारला जाईल. आणि पॉलिसी असली तरी माल हरवल्यावर कुरिअरला १८० दिवसांतली नोटीस द्यावीच लागते, कारण तुम्हाला पैसे दिल्यावर विमा कंपनी तुमच्याच हक्काने कुरिअरकडे वसुलीला जाते. तो हक्क तुमच्या हातून बुडाला असेल तर ती तुमचा दावा अडवते.

आत्ताच्या पार्सलची नोटीस लिहून झाली की, पोस्टात टाकण्यापूर्वी पावती क्रमांक पावतीशी ताडून पाहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटचे दोन अंक घडीत गेले आहेत, ते मूळ प्रतीवरूनच घ्या.